एकाची दोन माणसं

आमच्या आत्याला घाई केली की ती आणखी सावकाश होते. फारसीचं इंग्रजी करण्यात तिची हयात गेली. मी शेजारच्या टेबलावर बसून तिचं टाइप करतो, त्यामुळे तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळतं, असा माझा आपला समज.

तिचा एक पक्का नियम होता. फारसीत इंग्रजीसारखं, माहीत असलेल्या गोष्टीआधी लागणारं 'द' (the) नाही, पण काही कर्मांनंतर 'रा' येतो. 'रा' दिसला की 'द' लिहायचं, नाहीतर 'कुणी एक' अशा अर्थाचं 'अ' (a). "इतकं सोपं?" मी विचारलं होतं. "तू टाइप कर," ती म्हणाली.

मग शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा जबाब आला. त्यांना या देशात आसरा हवा होता, आणि कागदपत्रं का नाहीत ते पटवून द्यायचं होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'मर्दी रा दीदम. मर्द कीफ रा बोर्द.' म्हणजे, एक माणूस दिसला, त्याने पिशवी नेली; कागदपत्रं त्या पिशवीतच होती. आत्याने नियम लावला: पहिल्या वाक्यातल्या माणसाला 'द', दुसऱ्या वाक्यातल्याला 'अ'.

सुनावणीत अधिकाऱ्याने तेच धरलं. ओळखीचा माणूस पाहिलात, मग दुसऱ्याच कुणी पिशवी नेली? तो दुसरा कोण? बाई गोंधळल्या. अधिकारी पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आत्या इमानदारीत दुभाष्याचं काम करत राहिली, आणि माझंही डोकं चक्रावलं.

घरी येताना आत्या बसमध्ये एकदम म्हणाली, "अरे, 'मर्दी'तल्या 'ई'तच 'कुणी एक' आलं. 'रा' एवढंच सांगतो, की तिच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक माणूस आहे. ऐकणाऱ्याला तो नवाच, तिथे 'अ' हवा. आणि पुढे 'मर्द' कर्ता आहे, त्याला 'रा' लागतच नाही. पण तो आधी आलेलाच माणूस, मग 'द'."

"म्हणजे दोन्हीकडे उलटं?"

"दोन्हीकडे," ती म्हणाली आणि आमचा स्टॉप गेला तरी उठली नाही. मला तिची फार दया आली, आणि रागही आला.

पुढच्या सुनावणीला आत्याने सुरुवातीलाच चूक कबूल केली. अधिकारी सभ्य होता. "ठीक आहे," तो म्हणाला, "आपण बाईंनाच विचारू. किती माणसं होती?"

आत्याने फारसीत विचारलं. बाईंनी आत्याकडे पाहिलं, मग अधिकाऱ्याकडे. गेल्या वेळी अधिकारी ज्या दुसऱ्या माणसाबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होता, तो नव्हताच असं म्हणून चालणार नाही, हे त्या शिकल्या होत्या. त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

आत्याने ते वहीत टिपून घेतलं. दुभाषी म्हणून तिला त्यात स्वतःचं काही घालता येत नव्हतं.

"काय म्हणाल्या?" अधिकाऱ्याने विचारलं.

"दोन," आत्या म्हणाली.