कोपऱ्याच्या प्लॉटचं गिऱ्हाईक

मला तो माणूस पाहताक्षणी आवडला नाही. लोणावळ्याच्या त्या उताराच्या जमिनीवर, माळ्याच्या खोपीपुढे आम्ही दोन खुर्च्या टाकून बसलो होतो. एकीवर मी, दुसरीवर माझे धाकटे दीर. हा टायवाला गृहस्थ आला, दिरांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी खुर्चीवर ठेवलेलं गाठोडं. जमीन माझी होती. यजमानांनी हयातीतच माझ्या नावावर घेतली होती. ते गेल्यावर तिचे प्लॉट पाडले आणि ते विकायला एक माणूस नेमायचा होता. त्याचीच ही मुलाखत.

सगळे प्लॉट विकायचे नव्हते. कोपऱ्यावरचा, विहिरीचा, मी स्वतःसाठी ठेवला होता. तिथे दोन खोल्या बांधून राहायचं, एवढं एकच माझ्या मनात होतं. तळेगावात दिरांच्या घरी मी सुखी होते असं सगळे म्हणत. जावेला विचारून चहाचं आधण ठेवावं लागणाऱ्या बाईचं सुख कसलं असतं, ते म्हणणाऱ्यांना कुठून कळणार? दीर मात्र म्हणायचे, एकटी बाई लोणावळ्यात राहिली तर लोक आम्हाला नावं ठेवतील.

मुलाखत दिरांनीच सुरू केली. मुंबईत कुणाच्या पेढीवर होतात, किती बंगले विकलेत, वगैरे. मग मोठेपणानं मला म्हणाले, वहिनी, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी विचारलं, मुंबईहून चौकशीचं पत्र आलं, तर काय कराल?

उत्तर त्यानं दिरांना दिलं. उत्तर चांगलं होतं, हे कबूल केलंच पाहिजे. त्याच दिवशीच्या टपालानं जबाब धाडायचा. जागा स्वतःला राहायला हवी की भाड्यानं द्यायला, घरात माणसं किती, खर्चाची तयारी कितपत, पाहायला कधी येणार, हे विचारायचं. जो नीट उत्तर देतो तो खरा. जो नुसता नकाशा मागतो त्याला नकाशा पाठवायचा, आठवड्यानं एकदा आठवण द्यायची आणि तरी गप्प राहिला तर नाद सोडायचा. सगळ्यांच्या मागे धावणारा दलाल कुणालाच जागा विकत नाही, असंही तो म्हणाला. माणूस हुशार होता, म्हणून तर मला अधिकच राग आला.

जागा कशी दाखवाल, असं विचारल्यावर त्याची कळी खुलली. दिवाळीच्या आसपास बोलवायचं. तेव्हा डोंगर हिरवे असतात, विहीर काठोकाठ असते. स्टेशनावर टांगा घेऊन आपण हजर राहायचं, बाजारातून न आणता वरच्या रस्त्यानं आणायचं, आधी दरीकडचा देखावा, मग चहा.

"आणि वैशाखात विहीर आटते, ते कधी सांगायचं?" मी विचारलं.

"विचारलं तर सांगू," तो म्हणाला. दीर हसले. मी हसले नाही.

किमतीबद्दलही तेच. मनातल्या किमतीवर तिसरा हिस्सा चढवून सांगायचं, म्हणजे उतरायला जागा राहते आणि गिऱ्हाइकाला जिंकल्यासारखं वाटतं. मी त्याला सुनावलं, की माझ्या जमिनीची किंमत एकच असेल, आणि तीही नुसत्या जमिनीची सांगायची नाही. स्टँप, नोंदणी, मोजणी, बिनशेतीचा आकार, कुंपण, हे सगळं पहिल्याच दिवशी कागदावर मांडून द्यायचं. नाहीतर माणूस वडगावच्या नोंदणी कचेरीत सहीला बसतो तेव्हा त्याला खरा आकडा कळतो आणि तो जन्मभर शिव्या देतो. यावर त्यानं दिरांकडे पाहून नुसत्या भुवया उंचावल्या.

शेवटी मी म्हटलं, आता मी गिऱ्हाईक. मला जागा आवडली आहे, पण मन घेत नाही. विका मला.

तो लगेच उभा राहिला. मी मुद्दाम कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, मला तो हवा.

"तो गेला, बाईसाहेब. गिरगावच्या डॉक्टरांनी इसार दिलाय. म्हणून म्हणतो, हा शेजारचा तरी हातचा घालवू नका."

मी त्याला फाडून खाल्लं. म्हटलं, हीच ती लबाडी. माणूस कचरला की दुसरं गिऱ्हाईक उभं करायचं, घाई करायची, त्याला विचार करायला फुरसत द्यायची नाही. असला माणूस मला नको.

त्याचा चेहरा लाल झाला. "मला खोटं ठरवू नका," तो म्हणाला. "ते गिऱ्हाईक मीच आणलंय. विचारा यांना."

मी दिरांकडे पाहिलं. ते खोपीच्या कुडाकडे पाहत होते. त्या सबंध मुलाखतीत त्या माणसाचं जे एक बोलणं मला खोटं वाटलं, तेच खरं होतं. दिवाळीतच दिरांनी याच माणसाकरवी हा व्यवहार केला होता; आजची मुलाखत म्हणजे माझ्यापुढचं नुसतं सोंग. कचेरीत हेलपाटे नकोत म्हणून मी दिरांना कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं होतं. त्यांची सही म्हणजे माझी सही. साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून ते मोकळे झाले होते.

"तुमच्याच भल्यासाठी केलं, वहिनी," ते म्हणाले. मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण एका शब्दाचाही मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

त्या माणसाला मी नेमलं नाही. पण जाताना तोच एक कामाचं बोलून गेला. डॉक्टर अजून डळमळीत आहेत, खरेदीखत लांबवतायत. त्यांनी स्वतःहून माघार घेतली तरच तुमचा प्लॉट सुटेल. मी ठरवलं, डळमळीत माणसाला पुरतं माघारी धाडायचं. आणि त्यासाठी खोटं बोलायची मला गरजच नव्हती.

मी डॉक्टरांना ऐन वैशाखात बोलावलं. बाजारातल्या धुळीतून पायी आणलं. देखाव्याकडे त्यांना पाठ करून उभं केलं. माळ्यानं त्यांच्यासमोर विहिरीत घागर सोडली, ती गाळानं भरून आली. "लय वढलं तर दिसाला दोन हंडं निघत्याल," माळी म्हणाला. "पावसात वरचं समदं पानी हितंच उतरतं बगा." मग मी सगळा खर्च कागदावर मांडून दिला. पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि चार महिने कपडे वाळत नाहीत, हेही सांगितलं. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. त्यांनी बांधापासून बांधापर्यंत चालून पाहिलं, माळ्याला दोनचार प्रश्न विचारले आणि टोपी काढून घाम पुसला. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

"बाई," ते म्हणाले, "दिवाळीपासून माझं मन घेत नव्हतं. जो तो म्हणे, जागेत काही खोट नाही. म्हणून वाटायचं, नक्की काहीतरी लपवतायत. आज सगळं कळलं. टाकी बांधून घेईन, वरच्या बाजूनं चर खणेन. खरेदीखत या आठवड्यातच करून टाकू."

एवढं बोलून ते माळ्याला म्हणाले, गाळ आता खाली बसला असेल, ती घागर इकडे आण, मला हात धुवायचेत. मी त्यांच्या हातांवर पाणी घातलं.