कंपनीचा लाल

आमच्या कंपनीचं बोधचिन्ह बदललं आणि माझी झोप उडाली. हसू नका. चाकणच्या कारखान्यात डॅशबोर्ड, म्हणजे उत्पादनाच्या आकड्यांची संगणकावरची पानं, बनवणं हे माझं काम, आणि नव्या बोधचिन्हाचा रंग होता लाल. भडक, लिपस्टिकसारखा लाल.

पुण्याच्या ऑफिसातून ब्रँडवाल्या मॅडमचा निरोप आला की सगळ्या रिपोर्टना एकच थीम फाइल लावा. थीम फाइल म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. कुठला रंग पहिला, कुठला दुसरा, अक्षर कोणतं, शीर्षक केवढं, आलेखामागच्या रेघा दिसायच्या की नाही, हे सगळं त्यात एकदाच लिहायचं. मग ती फाइल प्रत्येक रिपोर्टमध्ये आत घ्यायची, की रिपोर्ट आपोआप तसा दिसतो. एखादा स्वल्पविराम राहिला तर फाइल आत घेतलीच जात नाही. मला असल्या चिवट कामाची आवड आहे. अडचण एवढीच होती की मॅडमनी पहिला रंग लाल सांगितला. आलेखात काहीच सांगितलं नसेल तर पट्ट्यांना थीममधला पहिला रंग लागतो.

मी फोन केला. म्हटलं, "मॅडम, आमच्याकडे लाल म्हणजे बिघाड."

"अहो, लाल म्हणजे ऊर्जा," त्या म्हणाल्या.

"इथं या एकदा, मशिनवर लाल दिवा लागल्यावर कशी ऊर्जा येते ते बघा."

त्यांना ते आवडलं नाही. माझ्या साहेबांना तर मुळीच नाही. "तू लाव गं, वाद नको," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मी मनातल्या मनात दोघांनाही शिव्या घातल्या आणि फाइल लावली.

आमच्याकडे सकाळच्या मीटिंगची एक पद्धत आहे. मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक शॉपचं, म्हणजे विभागाचं, पान येतं. टार्गेटपेक्षा कमी पडलेला पट्टा लाल होतो, आणि ज्याचा पट्टा लाल, तो सुपरवायझर उभा राहतो. आधी उभं राहायचं, मग बोलायचं. कुणी शिकवत नाही, नवा माणूस दोन मीटिंगमध्ये स्वतःच शिकतो. रागावणं वगैरे नसतं, पण उभं राहिलेल्या माणसाच्या मानेकडे सगळे बघतात, ते बास होतं.

त्या सोमवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं दोन दिवसांसाठी आली होती. नव्या ब्रॅकेटचं काम आमच्या वेल्डिंग लाइनला द्यायचं की दुसऱ्या कुणाला, हे ठरवायला. वेल्डिंगचे सुपरवायझर मूळचे चिखलीचे. तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करत इथवर आलेले. मी त्यांना दादा म्हणते, ते मला ताई. त्यांच्या लाइनवरची निम्मी पोरं कंत्राटी, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली. काम आलं तर ती राहणार, नाही तर गेली. त्यांनी पोरांना शब्द दिला होता. मला चहाच्या टपरीवर म्हणाले होते, "ताई, एवढं काम मिळालं पायजे बगा. न्हाईतर ह्या पोरांना तोंड कसं दावू?"

प्रेस शॉपचं पान आलं. निळं, शांत. कारण माझ्या आधीच्या माणसाने तिथला एकेक पट्टा हाताने रंगवून ठेवला होता, आणि हाताने दिलेला रंग ना थीम पुसते, ना टार्गेटचा नियम. प्रेसचं उत्पादन खाली आलेलं, तरी पट्टा निळाच! पेंट शॉपही तसंच. मग वेल्डिंगचं पान आलं. ते मी नव्याने केलेलं, नीट, हाताने काहीही न रंगवता. त्यामुळे तेच पान थीमचं निमूट ऐकून लालभडक झालं. सगळे पट्टे, एकूण एक. टार्गेट ओलांडलेलेसुद्धा.

दादा उभे राहिले.

आकड्यांकडे बघायला त्यांना वेळच मिळाला नाही. लाल दिसला आणि पाय सरळ झाले. "सायेब, काय चुकलं ते बगून सांगतो," ते म्हणाले. त्यांची मान खाली. पाहुण्यांपैकी चष्मेवाल्या इंजिनिअरने साहेबांकडे बघून भुवया उंचावल्या. साहेब पाण्याची बाटली उघडत बसले. अरे बोला ना! मला असा संताप आला की हातातलं पेन टेबलावर आपटलं गेलं.

"बसा दादा," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "तुमची लाइन उत्तम चाललीय. तो लाल कंपनीचा आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग मी पाहुण्यांना थीमची सगळी भानगड सांगितली, प्रेसच्या निळ्यासकट. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. चष्मेवाला म्हणाला, "ठीक आहे. उद्या पुन्हा हीच मीटिंग बघू. तेव्हा रंग खरे असू द्या."

जेवण सोडून मी कामाला बसले. फाइलमध्ये पहिला रंग करडा केला. ब्रँडचा लाल फक्त वरच्या पट्टीला ठेवला, मॅडमच्या समाधानासाठी. बिघाडाचा लाल एकच, तोही टार्गेटच्या नियमानेच लागणार. जुन्या पानांवरचे हाताने दिलेले रंग एकेक करून काढून टाकले, म्हणजे तीही थीमचं ऐकतील. मग प्रत्येक रिपोर्टमध्ये फाइल पुन्हा आत घेतली आणि रिपोर्ट पुन्हा सर्व्हरवर चढवले. साहेब दोनदा मागे येऊन स्क्रीनकडे बघून गेले. चिंचवडला घरी पोचेपर्यंत मी स्वतःवर भलतीच खूश होते.

सकाळी बसमध्ये मोबाइलवर रिपोर्ट उघडला.

सगळी पानं करडी, छान, शांत. प्रेसवालेसुद्धा रात्रीत सावरलेले. पूर्ण कारखान्यात एकच पट्टा लाल होता. वेल्डिंगचा. रात्रपाळीत वेल्डिंग करणाऱ्या एका रोबोचं टोक झिजून जोडाचे टाके कच्चे पडले होते, तास-दीड तास लाइन बंद होती.

काल सकाळचीच फाइल राहिली असती तर हा लाल त्या सगळ्या लालात बुडून गेला असता. कुणाला कळलंही नसतं. जुनी फाइल माझ्याकडे होतीच, ती परत आत घ्यायला कितीसा वेळ लागतो? चाकणच्या चौकात बस अडकली आणि मी खिडकीला डोकं टेकून तेच तेच घोळवत राहिले. कारखान्यात शिरल्यावर धावतच वेल्डिंग शॉप गाठलं.

"दादा, आज तुमचा पट्टा..."

"ठाव हाय मला. रात्रीच फोन आलाता," ते हातमोजे काढत म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काय ते कळलं असावं. "ताई, काय बी करू नका. राहू द्या तसंच."

मीटिंगमध्ये पानं सरकत गेली. करडं, करडं, करडं. मग वेल्डिंग. दादा उभे राहिले. या वेळी मान वर होती.

चष्मेवाल्याने स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग थोडं हसत त्यांना विचारलं, "हा कंपनीचा लाल का?"

"न्हाई सायेब," दादा म्हणाले. "ह्यो माझा हाय." आणि टोक कधी झिजलं, किती माल बाजूला काढला, आता टोक कधी बदलायचं ठरवलंय, ते सगळं एका दमात सांगितलं.

चष्मेवाला उठला. "चला, आधी हीच लाइन दाखवा," तो म्हणाला. दादा पुढे, तो मागे, असे ते बाहेर पडले. मी रिमोट उचलून स्क्रीन बंद केला.

ब्रॅकेटचं काम त्याच लाइनला आलं. पोरं आहेत अजून.