सासऱ्यांचे टाके आणि गुरुवारची तारीख

सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि दोन दिवसांनी आम्ही त्यांना विचुंब्याला घरी आणलं. संध्याकाळी हॉस्पिटलचा मेसेज माझ्या मोबाइलवर आला. तपासणी पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला, फाइल सोबत आणा. पट्टी कोरडी ठेवा, जड उचलू नका, जखमेवर मनाने काही लावू नका. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ताप, वाढती लाली किंवा सूज, पू, वाढत जाणारं दुखणं, यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता लगेच फोन करा.

रोज सकाळी चहाबरोबर मी त्यांची हजेरी घ्यायला लागले.

"बाबा, ताप?"

"नाय."

"लाली?"

"नाय. मी काय शालंत हाय?"

मंगळवारी त्यांच्या भाचीच्या मुलीची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी गोष्ट. नवा सदरा इस्त्री करून तयार होता. सोमवारी सकाळी मी तोंड उघडायच्या आतच बाबा म्हणाले, "नाय, नाय, नाय! कायपन नाय!"

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "मंग माजा हलदीचा डबा कोनी नेला?"

बाबा छताकडे बघायला लागले.

पट्टीची कड पिवळी झाली होती. भोवतीची कातडी लालभडक, हात लावला तर गरम. थर्मामीटर शंभराच्या वर. सासूबाई म्हणाल्या, "नवरीच्या आदी यांनाच लागली हलद!"

मी हॉस्पिटलला फोन लावून स्पीकर चालू केला. लाली कधीपासून, पाणी येतंय का, ताप किती, सिस्टरने सगळं विचारलं. "हळद घासून काढू नका. वर स्वच्छ कोरडी पट्टी ठेवा आणि त्यांना आत्ताच घेऊन या."

"पन तारीख गुरुवारची हाय!" बाबा ओरडले.

"बाबा, जखमेला कॅलेंडर वाचता येत नाही," सिस्टर म्हणाली.

डॉक्टरांनी जखम धुतली, एक टाका काढला. थोडासा पू निघाला. "वरवरचंच आहे. ऑपरेशनमध्ये आत बसवलेल्या जाळीपर्यंत गेलं असतं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं असतं," ते म्हणाले. गोळ्या दिल्या, रोज पट्टी बदलायला बोलावलं. मी मनात दिवस मोजत होते. आणखी तीन दिवस आम्ही तारखेची वाट बघत बसलो असतो तर?

बाबांना वेगळीच काळजी. "मंग उद्या हलदीला जाऊ ना?"

"ताप नसेल तर तासभर. खुर्चीत बसून. नाचायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

मंगळवारी ताप उतरला. बाबा खुर्चीत बसले खरे, पण बेंजो सुरू झाल्यावर खांदे काही ऐकेनात. मी शेजारी पहाऱ्याला.

गुरुवारी ते साडेनवालाच चपला घालून दारात उभे. सासूबाईही आमच्याबरोबर हॉस्पिटलला आल्या. लाली गेली होती, जखम भरत आली होती. डॉक्टर म्हणाले, "आता दीड महिना पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही."

"कलशीपन नाय?" बाबांनी विचारलं, आणि सासूबाईंना नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा विचारलं.