मच्छरदाणीच्या दांड्यांवरची ब्लँकेटं

बाबांच्या घशाचं ऑपरेशन सोमवारी होतं. नंतर आवाज कसा निघेल, याची खात्री डॉक्टर देत नव्हते. म्हणून त्याआधी माझ्या मुलीसाठी जुन्या फोटोंचा व्हिडिओ करायचा आणि त्यावर आजोबांनी बोलायचं, असं ठरलं. मला भीती वाटत होती, ती मी माइक खरेदी करण्यात घालवली.

भिलाईच्या घरी पोचलो, तर आईने रेकॉर्डिंगसाठी खोली तयार ठेवलेली. गाद्या उचललेल्या, पडदे धुवायला टाकलेले, सतरंजी गुंडाळलेली, फरशी लख्ख. कुणी येणार म्हटलं की आमच्याकडे आधी खोली रिकामी होते. माइकलाही तिने पाहुणाच धरलं होतं.

मी टाळी वाजवली. ती भिंतींवरून घुमत परत आली. बाबांनी पहिलं वाक्य म्हटलं. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये जन्म गेल्यामुळे ते घरातही मशीनच्या वरताण बोलतात. रेकॉर्डिंग ऐकलं, तर रिकाम्या गोदामात कुणीतरी भांडत होतं.

"आई, काढलं ते सगळं परत आण. ब्लँकेटंही."

"मे महिन्यात ब्लँकेटं? कावून?"

"आवाज भिंतीवरून परत येऊन राहिला."

"मंग येऊ दे ना. आपलाच हाय."

शेवटी तिने ब्लँकेटांची पेटी उघडली. खाट खोलीच्या मधोमध नको आणि भिंतीला चिकटूनही नको, म्हणून एका बाजूला सरकवली. मच्छरदाणीचे दांडे लावून त्यांवर ब्लँकेटं टाकली. सर्वांत जाड रजई बाबांच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या मागच्या भिंतीवरून येणारा आवाज तो आधी पकडतो. खाली सतरंजी. पंखा बंद, कूलर बंद. माइक तोंडापासून वीतभर, जरासा तिरपा. पुन्हा टाळी वाजवली. ती जागीच विरली.

बाबा बनियनवर आत बसले, घामाने निथळत. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले.

"मीच मले ऐकू येऊन राहिलो," ते म्हणाले, आणि आवाज आपोआप खाली आला. मी लिहून दिलेला कागद त्यांनी बाजूला ठेवला. एकेक फोटो पाहत बोलू लागले आणि सायकलवरच्या फोटोपाशी थांबले. "हे तुही आजी. पहिल्यांदाच माह्या सायकलवर बसली. लय भेत होती. मीबी भेत होतो, पण तिले सांगतलं नाही."

आई रजईच्या पलीकडे उभी होती. "आत कोण बोलून राहिलं?" तिने हळूच विचारलं.

"बाबाच."

"माह्यासंगं असे कधी बोलले नाही." तेही रेकॉर्डिंगमध्ये आलं. मी ते कापलं नाही.

काम झालं. बाबा बाहेर येऊन पाणी प्यायले. मी ब्लँकेटं उतरवू लागलो, तर आईने हात धरला.

"सोमवारपर्यंत राहू दे," ती म्हणाली. मग बाबांना परत आत बसवलं आणि स्वतःही त्यांच्या शेजारी जाऊन बसली.