चिमीने स्प्लिंटचं फिटिंग केलं

माझी धाकटी बहीण पन्नाशी उलटून गेली तरी घरात चिमीच आहे. कपड्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात ती एकतीस वर्षं काम करते. पँटची उंची कमी करणं, ब्लाउज उसवून मोठा करणं, कोटाचे खांदे आवळणं, ही तिची कामं. दुकानाचे मालक, म्हणजे मास्तर, गिऱ्हाइकाला सांगतात, "बाईंच्या हातचं फिटिंग आहे, बघायला नको." ते खरं आहे. माझ्या सगळ्या शर्टांच्या बाह्या तिने न विचारताच आखूड केल्या आहेत.

गेल्या वर्षी तिची झोप गेली. रात्री दोनच्या सुमाराला तिला जाग यायची ती हातामुळे. अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू लाकडासारखी बधिर व्हायची. मग मुंग्या यायच्या, मग आग. करंगळीला मात्र काही होत नसे. पलंगावर उठून बसायचं, ओला कपडा झटकावा तसे दोन्ही हात झटकायचे, बरं वाटलं की आडवं व्हायचं. तासा-दीड तासाने पुन्हा तेच. सकाळी उठल्यावर चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. बटण लावायला वेळ लागे.

मेहुणे बस चालवतात. पहाटे पाचला त्यांची गाडी सुटते. ते बरेच महिने काही बोलले नाहीत. एक दिवस मला म्हणाले, "दादा, काल सिग्नलला माझा डोळा लागला. मागच्याने हॉर्न दिला म्हणून जाग आली." त्या रात्रीपासून ते बाहेरच्या खोलीत झोपू लागले. चिमीला ते पटलं, पण लागलंही.

"एवढ्याशा मुंग्यांपायी नवरा दाराबाहेर गेला बघ," ती मला म्हणाली.

"दाराबाहेर कुठे? सोफ्यावर आहे."

"सोफा दाराबाहेरच आहे."

मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी मनगट वाकवून मिनिटभर धरायला सांगितलं, आणि मिनिट पुरं व्हायच्या आत तिची बोटं बधिर झाली. साखर आणि थायरॉइड तपासली, ती ठीक निघाली. नसेची तपासणी झाली. मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडं आणि एक जाड पट्टा यांच्यामध्ये अरुंद बोगदा असतो, त्यातून बोटांकडे जाणारी नस दाबली जाते आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. याला कार्पल टनेल म्हणतात. झोपेत माणूस मनगट दुमडून घेतो, बोगद्यात दाब वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त.

"सहा आठवडे रात्री स्प्लिंट लावा," डॉक्टर म्हणाले. "मनगट सरळ राहील. बऱ्याच जणांची झोप सुधारते, सगळ्यांची नाही. फरक पडला नाही तर ऑपरेशनचं बघू."

ऑपरेशन दोन्ही हातांचं, एकामागून एक. चिमीचा चेहरा उतरला. घरी येताना ती एकच वाक्य बोलली, "मला ऑपरेशन नको, नोकरी सोडणं नको, फक्त एक रात्र सलग झोप द्या म्हणावं."

स्प्लिंट म्हणजे जाड कापडाचा, बिनबोटांच्या हातमोज्यासारखा पट्टा. तळहाताच्या बाजूला एका खिशात धातूची पट्टी, आणि बांधायला तीन चिकटपट्ट्या. आम्ही दोन घेतले.

पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात ती तीनदाऐवजी चारदा उठायला लागली. सकाळी हातावर लाल वळ. मी रोज फोनवर विचारून ती किती वेळा उठली ते आकडे कॅलेंडरवर लिहीत होतो. ते पाहून माझाच धीर सुटत चालला. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "दादा, हे नाटक आहे. कापून टाकू दे त्यांना काय कापायचं ते."

"सहा आठवडे म्हणालेत ना?"

"तुझं काय जातं? तू झोपतोस."

तिचं खरं होतं. पण दवाखान्यात हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या एक थेरपिस्ट बाई होत्या, त्यांना एकदा दाखवून मग काय ते ठरवू, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

थेरपिस्ट बाई तरुण होत्या, आणि दमलेल्याही. बाहेर बाकावर अकरा माणसं बसली होती. त्यांनी चिमीच्या हातावरचे वळ पाहिले, मग स्प्लिंट उलटसुलट केलं आणि थांबल्या.

"ही शिलाई कंपनीची नाही."

"नाही, माझी आहे," चिमी म्हणाली. आवाजात संकोच नव्हता, थोडा अभिमानच होता.

"तुम्ही हे आवळलंत?"

"दोन्ही बाजूंनी पाऊण इंच. सैल होतं हो! झोपेत गोल फिरायचं. असं घालून का कुणी झोपतं?"

"आणि पट्टी?"

"ती धुताना काढली होती. परत घातली, पण तळव्याला नीट बसेना. मग वाकवली हाताच्या गोलाईप्रमाणे."

मी कपाळाला हात लावला. तीन आठवडे मी आकडे लिहीत होतो आणि हे मला एकदाही दिसलं नव्हतं. तिने सांगितलंही नव्हतं, कारण तिच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. अंगावर घालायची वस्तू घरी आली की तिचं फिटिंग करायचं, यात विचारायचं काय?

थेरपिस्ट बाई हसल्या नाहीत. "शिलाई सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण हा कपडा नाही, ताई. आवळलं की बाहेरून दाब आला. पट्टी वाकवली की मनगट आत वळलं. म्हणजे तुम्ही रात्रभर तोच बोगदा दाबत होतात. पट्टा आणि हात यांच्यामध्ये एक बोट सहज गेलं पाहिजे. मनगट वर नको, खाली नको. सरळ रेषेत."

"सैलच ठेवायचं?"

"सैलच. गोल फिरत असेल तर बांधायची जागा बदलू."

चिमीने दोन्ही स्प्लिंट परत हातात घेतली. मग तिने पर्समधून टाके उसवायची बारीक आकडी काढली आणि तिथेच, त्या खुर्चीत, स्वतःचे टाके एकेक करून सोडवले. बाकावरची माणसं खोळंबली होती. बाईंनी घाई केली नाही. दोन्ही पट्ट्या त्यांनी टेबलाच्या कडेवर दाबून सरळ केल्या, आणि कोणती चिकटपट्टी कुठे बांधायची ते तीनदा करून घेतलं.

"फुकट गेले तीन आठवडे," चिमी म्हणाली.

"आजपासून सहा मोजा," बाई म्हणाल्या. "अंगठ्याची ताकद कमी होते आहे असं वाटलं, हातातून वस्तू पडायला लागल्या, तर मात्र थांबू नका. लगेच या."

पहिल्या चार रात्री ती दोनदा उठली. सोयीचं वाटत नाही, जड वाटतं, खाज येते, अशी तक्रार होतीच. दुसऱ्या आठवड्यात एकदा. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी फोन केला तर मेहुण्यांनी घेतला. सुट्टीचा दिवस होता, आठ वाजून गेले होते.

"चिमी कुठाय?"

"झोपलीय," ते हळू आवाजात म्हणाले. "उठवू?"

"नको, नको."

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. डावा हात जवळजवळ ठीक. उजव्याच्या मधल्या बोटाचं टोक दिवसाही थोडं बधिर राहतं, आणि कात्री फार वेळ चालवली तर दुखतं. ऑपरेशन टळलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तीन महिने स्प्लिंट चालू ठेवा, मग उजव्याचं बघू, असं म्हणाले. मास्तरांनी जाड कोटांचं काम दुसऱ्याकडे दिलं आहे, आणि ते तिला आवडलेलं नाही.

"उजव्याचं करावं लागलं तर?" परतताना मी विचारलं.

"लागलं तर करू," ती म्हणाली. "आता झोप झालेली असते ना, विचार तरी करता येतो."