धान कापण्याची परीक्षा

मी आयुष्यात जितक्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यातली एकच मला अजून शब्दन् शब्द आठवते. "मांडीचे दुखणे बरे झाले आहे. खेळण्यास हरकत नाही." खाली माझी सही आणि दवाखान्याचा शिक्का. शिक्का नवा होता, आणि तो उमटवायची मला भारी हौस होती.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार. लाखनीला हमरस्त्याला लागून माझा दवाखाना होता, दोन खोल्यांचा. ट्रक गेला की औषधाच्या बाटल्या किणकिणत. ताप, खोकला, विंचू, बाळंतपणं हा माझा रोजचा धंदा. खेळाडू म्हणून माझ्याकडे आलेली पहिली पेशंट म्हणजे सानगडीकडची सतरा वर्षांची मुलगी. खो-खो खेळायची. जिल्ह्यात तिच्यासारखी पळणारी दुसरी नव्हती, असं तिचे क्रीडाशिक्षक सांगत आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. नवरात्राच्या सुमारास सरावात पुढे पळणाऱ्या मुलीला गाठायला वाकली आणि डाव्या मांडीत मागून चमक निघाली, म्हणून ते तिला घेऊन आले होते.

मी तिला पालथी झोपवून मांडी दाबून पाहिली. एका जागी दुखत होतं. सूज नाही, डाग नाही, ताकद दोन्ही पायांची सारखी. स्नायूच्या इजेच्या तीन पायऱ्या असतात, हे शिकलो तेव्हाचं अजून पाठ होतं. पहिलीत थोडेच धागे दुखावतात आणि ताकद जात नाही. दुसरीत स्नायू अर्धामुर्धा फाटतो, ताकद कमी होते. तिसरीत पुरताच तुटतो. ही पहिली. मी शीतपेयाच्या दुकानातून बर्फ मागवला, क्रेप बँडेज बांधलं, गरम तेलाचं चोळणं करायचं नाही म्हणून दम भरला. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

तीन आठवड्यांनी तिचा बाप तिला घेऊन आला. साधा शेतकरी, भाताच्या चार बांध्यांचा धनी, बोलायला कमी. भंडाऱ्याला विभागाचे सामने आठ दिवसांवर होते आणि तिथून राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. शिक्षक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तिला मैदानात उतरवणार नव्हते.

"दुखते का?" मी विचारलं.

बापच म्हणाला, "कायचं दुखते, डॉक्टरसाहेब. तीन दिवस झाले, बांधीत धान कापून राहिली. सकाळपासून सांजेलोक वाकूनच हाये."

आमच्या भागात माणूस बरा झाला की नाही याची दुसरी परीक्षाच नाही. धान कापता येतं ना, मग तो बरा. बाळंतीण असो की तापातून उठलेला असो, विळा हातात घेतला की दुखणं संपलं. मीही इथलाच. दिवसभर कमरेत वाकून कापणी करणाऱ्या पोरीच्या मांडीत आता काय उरलंय, असं मला वाटलं, आणि वाटलं ते मी ज्ञान समजलो. मांडी दाबली, दुखली नाही. तिला एकदाही पळवून पाहिलं नाही. मुलगी काहीतरी बोलायला ओठ उघडत होती, पण माझं लक्ष शिक्क्यात होतं.

भंडाऱ्याचा सामना पाहायला मी स्वतः गेलो होतो, मिरवायला. दुसऱ्या डावात ती खांबाला वळसा घालून सुसाट निघाली आणि पुढे पळणाऱ्या मुलीला हात लावायला खाली वाकली. तेवढ्यात तिने मागे हात नेला, मांडी धरली आणि मैदानात तोंडावर पडली. ओरडली नाही. आजूबाजूची माणसं उठून उभी राहिली, मी बसूनच राहिलो. एवढा भ्यालो होतो की डॉक्टर मीच आहे याची मला दुसऱ्या कुणालातरी आठवण करून द्यावी लागली.

कापणीत मांडीचा स्नायू ताणला जातो, पण सावकाश. पळताना पाय पुढे झेपावतो तेव्हा त्याच स्नायूला ताणलेल्या अवस्थेत क्षणात पायाला लगाम घालावा लागतो. दोन्हीचा संबंध किती, तर बैलगाडी चालवता येते म्हणून ट्रक चालवायला बसवण्याइतका. हे मला मैदानाच्या कडेला, ती पडल्यावर कळलं.

तिसऱ्या दिवशी काळानिळा डाग मांडीवरून गुडघ्याच्या मागे उतरला. बोटाला मांडीत एक खाच लागत होती. मला तिसरी पायरी दिसू लागली. पुरता तुटला असेल तर शस्त्रक्रिया, आणि ती करणारा सापडला तरी पुन्हा ती तशी पळेल याची खात्री नाही. माझ्या हातून एका पोरीचा पाय गेला, हेच डोक्यात घोळत होतं. जेवण जाईना. बायकोने विचारलं तर तिच्यावरच खेकसलो.

नागपूरला माझ्या कॉलेजचा एक सीनियर नवं सोनोग्राफीचं मशीन घेऊन बसला होता. बहुतेक पोटं आणि गर्भ पाहायचा. चौथ्या दिवशी एसटीच्या मागच्या लांब सीटवर तिला आडवी घालून बाप आणि मी नागपूरला गेलो. रस्त्यात खड्डा आला की बाप तिचा पाय सावरून धरायचा. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सीनियरने आधी तिची चांगली मांडी पाहिली. "अबे, पहिले चांगलं कसं असते ते पाहा, मग बिघडलेलं समजते." काळपट पडद्यावर पांढऱ्या रेघा ओळीने जात होत्या, धानाच्या रोपांच्या रांगांसारख्या. मग त्याने मशीनचा प्रोब डाव्या मांडीवर ठेवला. रेघा थोड्या गेल्या आणि मध्येच तुटल्या. तिथे काळं डबकं होतं. ते साचलेलं रक्त.

"गुडघा हळू वाकव, बेटा," तो म्हणाला आणि पडद्याकडे पाहत राहिला. स्नायू पुरता तुटला असता तर त्याचं तुटकं टोक त्या रक्तात घंटेच्या लोलकासारखं हललं असतं. डबक्याच्या कडेला काही धागे लोंबत होते, पण खालच्या अंगाला रेघा अखंड होत्या आणि एकत्र सरकत होत्या.

"सेकंड ग्रेड," तो म्हणाला. "तिसरा हिस्सा फाटला असेल. बाकीचा शाबूत आहे."

मी भिंतीला टेकलो. मग त्याला विचारलं, की पहिल्यांदाच हिला तुझ्याकडे आणलं असतं तर कळलं असतं का.

"कदाचित काहीच दिसलं नसतं. पहिल्या ग्रेडमध्ये माझं मशीन बरेचदा साफ चित्र दाखवते. दिल्ली-मुंबईकडे आता चुंबकाचं मशीन येऊन राहिलं, एमआरआय. त्यात धागे न तुटता नुसती सूज असली तरी ती पांढरी पिसासारखी पसरलेली दिसते म्हणतात. मी फक्त फोटोत पाहिलं." मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "पण पळवून पाहायला तर मशीन लागत नाही ना?"

बाप बाजूलाच उभा होता. त्याला किती कळलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

त्यानंतर मी शहाण्यासारखा वागलो, म्हणजे भेदरलेल्या माणसासारखा. दर आठवड्याला तिला बोलवायचो. आधी नुसतं चालणं, मग हळू ताणणं, मग पायावर जोर. सहाव्या आठवड्यात पुन्हा नागपूरला नेलं. डबकं गेलं होतं, त्या जागी पांढरट व्रण भरत होता. सीनियरने बजावलं, की चित्र चांगलं आहे पण चित्रावर सोडू नको.

त्याच आठवड्यात राज्याच्या संघाचं पत्र आलं. सामन्यात मध्येच पडली तरी तिचा खेळ निवड समितीच्या नजरेत भरला होता. चार दिवसांत शिबिरात हजर व्हायचं, डॉक्टरचा दाखला घेऊन. राज्याकडून खेळली की पोलिसात नोकरीची आशा होती. शिक्षक आले, गावचे सरपंच आले. "तुमच्या एका सहीवर हाये सगळं, डॉक्टरसाहेब," सरपंच म्हणाले. मी म्हटलं, उद्या सकाळी शाळेच्या मैदानावर या.

सकाळी तिला पालथी झोपवलं. दाबलं, दुखलं नाही. पाय सरळ वर उचलला, दोन्ही सारखे आले. गुडघा काटकोनात वाकवून मी टाच ओढली, तिने दमदारपणे रोखली. मग गुडघा जवळजवळ सरळ ठेवून तेच केलं. उजवा पाय माझ्या हाताशी भांडला. डावा थरथरला आणि खाली आला. मग पळायला लावलं. हळू पळाली, छान. मध्यम वेगात, छान. पूर्ण वेगात खांबाला वळसा घालून वाकायला सांगितलं, तेव्हा खांबाच्या अलीकडेच तिचा वेग उतरला. शिक्षक म्हणाले, "दम लागला असेल." बाप माझ्याकडे पाहत होता.

मी तिला बाजूला नेलं आणि जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं ते आत्ता विचारलं. "दुखून राहिलं का?"

"नाही."

"मग थांबली काहून?"

ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "भेव वाटते. जोरात वाकलं की तुटन असं वाटते." मग म्हणाली, "भंडाऱ्यालेबी वाटत होतं. पन तुमी चिठ्ठी देली, म्हून मले वाटलं माहा भेवच खोटा हाये."

मला तिच्याकडे पाहवेना. तिच्या पायाला सगळं ठाऊक होतं. माझ्या शिक्क्याने त्याला गप्प केलं होतं.

मी सगळ्यांसमोर जाऊन सांगितलं, की दाखला मिळणार नाही. शिक्षक चिडले. सरपंच म्हणाले, एवढी संधी पुन्हा येत नाही, आणि ते खरंच बोलत होते. मी भंडाऱ्याच्या चिठ्ठीची गोष्ट तिथेच, बापाला ऐकू जाईल अशी सांगितली. पाय तिचा होता पण चूक माझी होती, आणि पोरीला आपणच परीक्षेत नापास झालो असं वाटायला नको होतं. बापाने हातातली टोपी डोक्यावर घातली. मग मुलीला म्हणाला, "चाल बाई, घरी."

राज्याचा संघ तिच्याशिवाय गेला. तिला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. महिन्याभराने ती त्याच मैदानावर पूर्ण वेगात खांबाला वळसा घालून वाकली, तीनदा, आणि तिसऱ्यांदा हसली. तेव्हा मी दाखला लिहिला, पण तो दाखवायला आता कुठलाच सामना नव्हता. तिने तो घडी करून नेला.

बऱ्याच वर्षांनी ती एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाल्याचं कळलं. एक दिवस शाळेतल्या एका लंगडणाऱ्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. मी सवयीने पालथं झोपायला सांगून मांडी दाबू लागलो. ती बाजूला उभी होती. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आधी तिले इचारा, तिले काय वाटते ते."