जावेच्या हातातली डॉली

पालघरला आमच्या घराच्या पुढच्या पडवीतच दुकान होतं. तांब्याची भांडी घडवायची, जुन्यांची दुरुस्ती करायची. लग्नानंतर वर्षभरातच मी यांच्यासमोर डॉली धरायला बसले, ती चार वर्षं धरली. डॉली म्हणजे चार-पाच किलोचा लोखंडी ठोकळा, एका टोकाला वाटीसारखा खळगा असलेला. पातेल्याला कडीचा कान लावायचा असला की रिव्हेट आतून घालायचं. त्याचं तयार, गोल डोकं आतल्या बाजूला राहतं आणि दांडा पत्र्यातून आणि कानातून बाहेर येतो. त्या आतल्या डोक्यावर डॉलीचा खळगा बसवायचा आणि अंगाचा भार टाकून दाबून धरायचं. बाहेरून हे दांड्यावर ठोकत आणि त्याचं दुसरं डोकं घडवत.

डॉली जरा सैल पडली तर घाव फुकट जातो. ठोक्याचा आवाज फुटका येतो, रिव्हेट मागे सरकतं, तांबं नुसतं कडक होत जातं आणि डोक्याच्या कडेला चिरा पडतात. डॉली घट्ट असली तर आवाज भरीव येतो. चार वर्षांत माझा आवाज फुटका आला नाही. यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही. डोकं बसलं की म्हणायचे, "बस." त्या एका शब्दावर मी पुढचं रिव्हेट उचलायची.

दुसऱ्या खेपेला मला सातवा महिना लागला आणि पातेल्यात वाकणं बंद झालं. नेमकी तेव्हाच बोईसरच्या एका जेवणावळीच्या कंत्राटदाराची सहा मोठ्या पातेल्यांची ऑर्डर आली. प्रत्येकाला दोन कान, एकेका कानाला तीन रिव्हेटं. हे म्हणाले, "धाकटीला बोलावतो."

धाकटी म्हणजे माझी जाऊ. धाकटे दीर तारापूरच्या कारखान्यात होते आणि दोघं सरावलीला एका खोलीत राहत. ती दातिवऱ्याची, कोळ्यांची मुलगी. दिरांनी स्वतःच्या मनाने केलेलं लग्न होतं, घरात त्यावरून बरंच झालं होतं. मी तेव्हा तिची बाजू घेतली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी जे केलं ते ती मला आवडत नव्हती म्हणून केलं नाही.

ती सकाळच्या बसने आली. पदर खोचून पातेल्यापुढे बसली आणि हसत म्हणाली, "दादा, आमी बोटीचे दोर वढलेत. ह्यो लोखंडाचा तुकडा काय जड हाय?"

पहिल्या दिवशी तिची डॉली उडत होती. मी आत भाजी चिरत होते. तिथे आवाजावरून मला ते कळत होतं आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. मग यांचा आवाज आला. "हाताने धरू नकोस. खांदा लाव. पहिला ठोका पत्रे एकमेकांना चिकटवायचा, दुसरा-तिसरा सरळ डोक्यावर, दांडा जाड होऊन भोक भरेपर्यंत. तोवर हलायचं नाही. मग मी गोल टोकाच्या हातोडीने कडा वळवतो, शेवटी वाटीचा पंच. तेव्हा पुन्हा जोर लाव."

मी सुरी खाली ठेवली. इतकं सविस्तर यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी चुकत, मनगट सुजवत शिकले होते.

तिसऱ्या दिवशी तिचा आवाज भरीव यायला लागला. माझ्यासारखाच. मग हळूहळू मधे बोलणं सुरू झालं. ती दातिवऱ्याच्या गोष्टी सांगायची, जाळ्यात एकदा कुणाची घागर आली, बापाने ती घासून देवापुढे ठेवली. हे हसायचे. कामात हे हसतात हे मला माहीत नव्हतं. एकदा "बस" म्हणण्याऐवजी "वा" म्हणाले. तो शब्द मी दिवसभर मनात घोळवत राहिले. जेवताना यांना विचारलं, "कशी धरते डॉली?"

"चांगली धरते," म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

शेजारची एक बाई दारातून डोकावून मला म्हणाली, "थोरला दीर आणि धाकटी भावजय समोरासमोर बसलेली बरी दिसतात का?" मी तिला फटकारून लावलं. पण माझं दुखणं ते नव्हतंच. यांच्याबद्दल मला तसला संशय कधीच आला नाही. माझी जागा गेली होती, आणि ती गेली तरी काम माझ्याशिवाय तितकंच नीट चाललं होतं, ते मला सोसवत नव्हतं.

एक काम अजून माझ्याकडे होतं. रिव्हेटं विकत आणायची ती एकाच लांबीची यायची, ती मापाने कापायचं. पातेल्याचा पत्रा अधिक कानाची पट्टी, आणि वर डोक्यासाठी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, एवढा दांडा हवा. कमी पडला तर डोकं खुरटं होतं आणि त्यावर ठोकायच्या वाटीच्या पंचाची कड पत्र्यात रुतते. जास्त झाला तर दांडा आडवा पडतो, डोकं एका बाजूला कलतं. प्रत्येक मापासाठी यांनी तेवढ्याच जाडीची, भोक असलेली लोखंडी पट्टी करून दिली होती. रिव्हेट त्यात घालायचं, पलीकडे येईल ते चिमट्याने छाटायचं आणि कानशीने पट्टीबरोबर घासायचं. मग रिव्हेटं लाल तापवून पाण्यात टाकायची, म्हणजे तांबं मऊ होतं.

चौथ्या पातेल्याची रिव्हेटं कापताना मी डोक्याखाली एक जाड वायसर, म्हणजे भोकाची चकती, घातला. त्यामुळे दांडा वायसरएवढा लांब राहिला, दीडेक मिलीमीटर. सगळ्यांना नाही, सहातल्या चारांना. ती चांगल्यांत मिसळून डबी बाहेर पाठवली. यांच्या नजरेला खरं तर कळायला हवं होतं, पण माझं माप चार वर्षांत चुकलं नव्हतं, त्यामुळे हे बघतच नसत.

मी आत बसून ऐकत होते. पहिलं बसलं. दुसऱ्याचा दांडा कलला. "डॉली सरकली तुझी," हे म्हणाले. ती म्हणाली, "नाय दादा, घट हाय." यांनी डोकं भोक पाडून उडवलं, दुसरं रिव्हेट घातलं. तेही लांबच निघालं. "अगं लक्ष कुठंय तुझं?" त्या आवाजाने मला आत, इथे, छातीत गार वाटलं. तिसऱ्यांदा कललेल्या दांड्यावरून हातोडी घसरली, कानाच्या कडेवर बसली, पातेलं उसळलं आणि तिचं बोट डॉली आणि पत्र्याच्या मधे चेमटलं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले तेव्हा तिचं नख काळंनिळं होत होतं. मी तिचा हात धरून पाणी ओतत होते आणि वर बघू शकत नव्हते.

दुपारी हे बाहेर गेले तेव्हा ती स्वयंपाकघरात आली. तळहातावर दोन रिव्हेटं होती, डोकी एका रेषेत लावलेली. एक त्या सकाळच्या डबीतलं, न ठोकलेलं, आणि दुसरं आदल्या दिवशी उरलेलं.

"वैनी, ह्यो एक लांब हाय."

"मी मापूनच कापलेत," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही रिव्हेटं ओट्यावर ठेवली आणि बसला निघून गेली. यांना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. हे म्हणाले, "बोट दुखत असेल." हे स्वतः एका हाताने डॉली आणि एका हाताने हातोडी असं काहीतरी करायला गेले, आणि शेवटी हातोडी टाकून पडवीत बसून राहिले. तेव्हा मी सांगितलं. वायसर दाखवला.

यांनी तो हातात घेऊन उलटून पाहिला. "मी तिला बोललो," एवढंच म्हणाले. आणि मग, "आता तूच जा तिच्याकडे. मी येणार नाही."

सातवा महिना संपत आलेला, मी बसने सरावलीला गेले. ती दारात बोंबील निवडत होती, बोटाला चिंधी बांधलेली. मला बघून उठली, आधी पाणी आणलं.

"मी मुद्दाम केलं," मी म्हणाले.

"ठावं हाय."

"यांना सांगितलं का नाहीस?"

"तुमी आमच्या लग्नात माज्या बाजूला हुब्या राहिल्या होत्या. कसं सांगू?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला तिथं बरं वाटायचं, वैनी. हितं दिसभर चार भिंती. सगळी शिफ्टला जातात. तिथं काय तरी माज्या हातनं व्हायचं. तुमी तेच मोडलंत."

मी रडले. तिने मला थांबवलं नाही, समजूतही घातली नाही. चहा केला. निघताना मी विचारलं, "येशील?"

"येन. पन आता डॉली नाय धरनार. दादांना सांगा, मला हातोडी द्या."

मला वाटलं हे नाही म्हणतील. पण हे स्वतः पातेल्यात हात घालून डॉली धरून बसले आणि तिला जुन्या पत्र्याच्या तुकड्यांवर शिकवलं. तिची पहिली वीस-पंचवीस डोकी वेडीवाकडी झाली. हलके हलके पुष्कळ ठोके मारायची, तांबं कडक होऊन चिरायचं. "कमी मार, पण जोरात मार," हे सांगायचे. चौथं आणि उरलेली दोन पातेली तिने पुरी केली. रिव्हेटं मी कापली, प्रत्येक रिव्हेट पट्टीत दोनदा घालून बघत.

मुलगी झाल्यावर सहा महिन्यांनी मी परत डॉलीवर बसले. समोर ती होती. पुढे कितीतरी वर्षं, दिरांची बदली होईपर्यंत, आम्ही दोघी असंच काम केलं. यांना तोवर पातेली घडवायला मोकळीक मिळाली होती. तिची डोकी यांच्यापेक्षा नीटस व्हायची, एकासारखं एक, कडेला रेघ नाही. मासवण, मनोरकडची गिऱ्हाइकं यायची ती बोटाने ते डोकं चाचपून विचारायची, कुणी बसवलंय. मी तिचं नाव सांगायची. दर वेळी सांगताना मला थोडं टोचायचं. तिला ते दिसायचं, असं मला वाटतं, कारण अशा वेळी ती हातोडी खाली ठेवून दुसरीकडे बघायची आणि मी पुढचं रिव्हेट घालेपर्यंत थांबायची.